त्या खुर्चीत तू होतास म्हणून काय बदललं?

बाळा,

तुझा रेझ्युमे काल रात्री दोनदा वाचला. तीन पानं. अकरा वर्षं आयातीचं काम केलेला माणूस आणि पहिलीच ओळ काय, तर 'रिस्पॉन्सिबल फॉर इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन अँड कोऑर्डिनेशन विथ सीएचए अँड शिपिंग लाइन्स'. फोनवर तू म्हणालास, "मावशी, वीस ठिकाणी पाठवला, एकाचाही फोन नाही. माझ्यातच काही कमी आहे का?" तुझ्यात नाही. त्या ओळीत आहे. तुझ्या जागी दुसरं कुणी बसलं असतं, तरी ती ओळ जशीच्या तशी राहिली असती.

हीच कसोटी प्रत्येक ओळीला लाव. खुर्चीतला माणूस बदलला तरी ओळ तशीच राहते का? राहत असेल, तर ती खुर्चीची ओळ आहे, तुझी नाही.

हे मला उशिरा कळलं. २००९ मध्ये आमच्या कंपनीनं आयात विभाग दुसऱ्या शहरात हलवला. मी त्रेचाळीस वर्षांची होते, घर इथं, मुलं शाळेत. अंधेरीत एका मुलाखतीला गेले. समोरच्यानं माझी चार पानं चाळली आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही आल्यानंतर तिथं काय बदललं?" मी म्हटलं, "खूप काही." तो थांबला. मला एक आकडा सांगता आला नाही. बोट लागल्यापासून माल गोदामात यायला आमच्याकडे पूर्वी नऊ दिवस लागायचे, मी सोडलं तेव्हा पाच. पण हे मी कधी मोजलंच नव्हतं. पुढे घरी बसून आठवून आठवून काढलं, तोवर रजिस्टरं जुन्या ऑफिसात राहिली होती आणि ती नोकरी गेली होती. आपल्या तोंडानं आपली स्तुती करू नये असं आम्हाला शिकवलं होतं. ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण नऊचे पाच झाले ही स्तुती नाही, हिशोब आहे. एवढा फरक मला तेव्हा कुणी सांगितला असता तर!

आता तुझी तीच पहिली ओळ घेऊ. फोनवर मी खोदून विचारलं तेव्हा तू काय काय सांगितलंस ते आठव. महिन्याला साधारण ६० शिपमेंट, बहुतेक न्हावा शेवाला, थोड्या सहारच्या एअर कार्गोला. २०१८ मध्ये हे काम तुझ्याकडे आलं तेव्हा त्यातल्या चौदा-पंधरा शिपमेंटवर दर महिन्याला शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार, बसायचं. का बसायचं? इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमधलं वजन जुळत नसे, ते माल इथं पोचल्यावर कळे, मग पुरवठादाराला मेल, नवा कागद, तोवर कंटेनर ठेवायचे फ्री डेज संपलेले. तू काय केलंस? बोट तिकडून सुटायच्या आधीच पुरवठादाराकडून कागदांचे ड्राफ्ट मागवायला लागलास, एका पानाची चेकलिस्ट केलीस आणि कस्टम्सकडे बिल ऑफ एंट्री आगाऊ दाखल करायची सवय तुमच्या कस्टम्स एजंटला, सीएचएला, लावलीस. आता महिन्याला चार-पाच शिपमेंटवरच डिटेन्शन येतं. हे सगळं तू मला पाच मिनिटांत सांगितलंस आणि तीन पानांत त्यातला एक शब्द नाही! मला राग आला तो याचाच.

तर ओळ अशी होईल: 'डिटेन्शन लागणाऱ्या शिपमेंट महिन्याला ६० पैकी १४ वरून ४ वर आणल्या, त्यासाठी बोट सुटण्याआधी ड्राफ्ट कागद तपासण्याची पद्धत सुरू केली.' इंग्रजीत नेताना 'रिड्यूस्ड' हा शब्द अगदी पुढे ठेव. मराठीत आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून मनातल्या मनात भाषांतर करताना आपण आधी कामाचं नाव लिहितो आणि क्रिया मागे राहते. 'हँडल्ड', 'कोऑर्डिनेटेड' टाळ. त्यातून माणूस तिथं हजर होता एवढंच कळतं. कमी केलं, सुरू केलं, जुळवलं, शिकवलं, यांतलं नेमकं काय घडलं ते शोध. शब्द मोठा आणि घडलेलं छोटं असं मात्र होऊ देऊ नकोस. चेकलिस्ट केली असेल तर 'केली' लिही, 'ट्रान्सफॉर्म्ड' लिहू नकोस.

आकडा कुठून आणायचा, हा तुझा प्रश्न बरोबर आहे. आठवणीतून आणू नकोस. शिपिंग लाइनची डिटेन्शनची बिलं ऑफिसच्या मेलमध्ये असतात. काम हाती आलं त्या वर्षीचे तीन महिने घे आणि अलीकडच्या वर्षातले तेच तीन महिने घे. तेच, कारण दिवाळीआधीचा माल आणि मार्चचा माल यांची तुलना होत नाही. २०२१ तर अजिबात धरू नकोस. तेव्हा जगभर कंटेनर अडकले होते. त्या वर्षाशी तुलना करून जो फरक दिसेल, तो तुझा नसेल. बसून फक्त मोज, कागद घरी आणू नकोस, स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस. आणि रुपयांचा आकडा लिहू नकोस, तो कंपनीचा आहे. शिपमेंटची संख्या किंवा टक्के पुरेत. मुलाखतीत कुणी विचारलं, "हे १४ कसे मोजले?" तर दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर तो आकडा खोड, मग तो खरा का असेना.

सीएचएच्या माणसांचाही यात हात होता, हे तू म्हणालास ते मला आवडलं. मग तसंच लिही: पद्धत तू आखलीस, अंमलात त्यांच्यासोबत आणलीस. वाटा नेमका सांगितला की कुणाचं काही कमी होत नाही.

प्रत्येक ओळीत आकडा कोंबायचा नाही. दोन ज्युनिअर तयार केलेस आणि आता ते तुझ्याशिवाय फायलिंग करतात, हे आकड्याविनाही उभं राहतं, कारण तू नसतास तर ते झालं नसतं. पुन्हा तीच कसोटी, बघ. आणि कर्तव्याची ओळ पूर्ण काढूही नकोस. प्रत्येक नोकरीखाली एकच ठेव, कामाचा आवाका सांगणारी: किती शिपमेंट, कुठलं बंदर, कस्टम्सचं आइसगेट, सॅप. नोकरीच्या पोर्टलवर माणसं याच शब्दांनी शोधतात. २०१५ च्या आधीच्या नोकऱ्यांना दोन-दोन ओळी बास.

एक गोष्ट राहिली. बोलता बोलता तू म्हणालास की एकदा औषधाच्या कच्च्या मालाचं वर्गीकरण कस्टम्सनं अडवलं होतं आणि तू जुन्या तीन बिल ऑफ एंट्री काढून दाखवल्यास, मग माल सुटला. "ते काय, सगळेच करतात," असं म्हणून तू पुढे गेलास. सगळे करत नाहीत, बाळा. मी सत्तावीस वर्षं या कामात होते, मला माहीत आहे. कारखाना तेव्हा किती दिवस त्या मालासाठी थांबला होता, ते प्लँटमधल्या कुणाला तरी विचार. उत्तर मिळालं की रविवारी मुलुंडला ये, ती ओळ आपण सगळ्यांत आधी लिहू.

तुझी,
मावशी