स्प्लिटिंग म्हणजे नक्की काय फुटतं?

प्रश्न: "क्रिस्टल फिल्ड स्प्लिटिंगमधे स्प्लिट काय होतं, ऑर्बिटल का? आणि इलेक्ट्रॉन खाली येताना रंग सोडतो असं लिहिलं तर मार्क जातील का?"

ऑर्बिटल फुटत नाही, अख्खंच राहतं. फाटे फुटतात ते एनर्जीच्या पातळीला. एकट्या आयनमधे पाचही d ऑर्बिटल एकाच पातळीवर असतात, मग सहा लिगंड x, y, z अक्षांवरून जवळ आले की ज्या दोन ऑर्बिटलचं तोंड थेट त्यांच्याकडे आहे (dz2 आणि dx2-y2) त्यातल्या इलेक्ट्रॉनला जास्त रिपल्शन सोसावं लागतं म्हणून ती जोडी वर जाते, तिला eg म्हणायचं, आणि अक्षांच्या मधल्या जागेत असलेली बाकीची तीन खाली राहतात, ती t2g. मधलं अंतर म्हणजे Δo. (नावात क्रिस्टल का, तर बेथेनं 1929 मधे ही मांडणी केली ती स्फटिकातल्या आयनसाठी, पाण्यात विरघळलेल्या कॉम्प्लेक्सला पण आपण तेच नाव चालवतो.)

आता रंग. उदाहरण [Ti(H2O)6]3+ चंच घ्या कारण यात d इलेक्ट्रॉन एकच आहे, डोक्याला ताप कमी. पांढऱ्या उजेडातला साधारण 500 nm चा निळसर-हिरवा भाग तो शोषतो आणि t2g मधून eg मधे उडी मारतो. Δo काढायचा तर E = N·h·c/λ, किंमती टाकल्या की मोलला सुमारे 239 kJ येतात, λ मीटरमधे घ्यायला विसरू नका, तिथेच जास्त गाडी घसरते. शोषणाचा पट्टा चांगला रुंद असतो पण स्पेक्ट्रमची दोन टोकं, लाल आणि निळं-जांभळं, बऱ्यापैकी सुटून आपल्यापर्यंत येतात, म्हणून द्रावण जांभळं दिसतं.

म्हणजे "रंग सोडतो" लिहिलंत तर मार्क जाणारच. वर गेलेला इलेक्ट्रॉन खाली येतो हे खरं, पण ती एनर्जी बहुतेक वेळा रेणूंच्या थरथरण्यात, म्हणजे उष्णतेत जिरते. दिसणारा रंग हा शोषून उरलेला उजेड, तेव्हा "शोषलेल्या रंगाचा पूरक रंग दिसतो" हेच वाक्य लिहा.

लिगंड काढले तर? निर्जल CuSO4 पांढरं असतं, पाणी मिळालं की निळं. इथे एक गोची आहे, निर्जलमधे स्प्लिटिंग शून्य होतं असं नाही, सल्फेटचे ऑक्सिजन भोवती असतातच, फक्त त्यांचं फिल्ड पाण्यापेक्षा कमजोर म्हणून शोषण इन्फ्रारेडकडे सरकतं आणि डोळ्याला काही कळत नाही.

Sc3+ (d0) आणि Zn2+ (d10) मधे उडीच शक्य नाही म्हणून बिनरंगी, इथपर्यंत ठीक. पण KMnO4 ला हे लावू नका, Mn +7 म्हणजे d0 च, तरी रंग इतका गडद, कारण तिथे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून मँगनीजकडे जातो, त्याला चार्ज ट्रान्सफर म्हणतात, d-d नाही.