टोकन वर जातंय म्हणून लगेच घेऊ नको

भाऊ, आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या काकांना पुतण्याने टिप दिली, एक क्रिप्टो टोकन रोज वर जातंय, आजच घ्या. काका उधारी वसूल करण्यात मुरलेले, म्हणाले आधी विकून पैसे कोणी काढलेत ते दाखव. मग BNB Chain वरचे व्यवहार दाखवणाऱ्या BscScan साइटवर टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता टाकला तर सगळ्या खरेद्याच, विक्री फक्त एका वॉलेटची आणि Holders च्या यादीत बहुतेक माल पण त्याच्याकडेच. म्हणजे कोडमध्येच बाकीच्यांची विक्री अडवलेली असणार, मग भाव वर जाणारच ना, खाली आणणार कोण! तू पण आधी हेच बघ, आणि पाचशेचं घेऊन विकून बघितलं, पैसे आले, तरी निर्धास्त होऊ नको, काही कॉन्ट्रॅक्टमध्ये मालक विक्री नंतरही बंद करू शकतो.