बोलणं संपतं, उजळणी संपत नाही

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. घडलं ते इतकंच: नुकतीच नोकरी सोडलेल्या मैत्रिणीला तू चारचौघांत म्हटलंस, "मग काय, आता मजाच आहे तुझी!" ती हसली, तिने मोबाईलकडे पाहिलं, आणि दुसरा विषय निघाला. रात्री अकराला अंथरुणावर मात्र तेच वाक्य परत आलं. दोन वाजेपर्यंत "ती दुखावली, सगळे गप्प झाले, मला बोलायची अक्कलच नाही" इथपर्यंत मजल गेली.

या उजळणीला तू "आठवणं" म्हणतेयस असं पत्रावरून वाटतं. माझा आक्षेप तिथेच आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली सामाजिक चिंतेबद्दल जी मांडणी केली, तिच्यात ही गोष्ट नेमकी सांगितली आहे. बोलताना अवघडलेल्या माणसाचं अर्धं लक्ष स्वतःकडेच असतं: चेहरा तापला का, आवाज कसा निघाला. समोरच्याचं त्याला फार थोडं दिसलेलं असतं. मग रात्री तो प्रसंग आठवायला बसतो तेव्हा हाताशी असतं ते मुख्यतः स्वतःचं अवघडलेपण, आणि रिकाम्या जागा त्यानेच भरल्या जातात. मला लाज वाटली, म्हणजे तिला राग आला असणार. प्रत्येक फेरीत हे थोडं अधिक खरं वाटू लागतं.

म्हणून मनाशी वाद घालू नकोस. उठून बस, दिवा लाव आणि कागदावर फक्त तेवढंच लिही जे कॅमेऱ्यात टिपलं गेलं असतं. मी हे म्हटलं. ती हसली. मोबाईल पाहिला. "दुखावली" हे कॅमेऱ्यात येत नाही, ते खोड. आता पुढचं लिही, कारण उजळणी नेहमी त्या एका वाक्यापाशीच थांबते. तूच पत्राच्या शेवटी लिहिलंयस की त्यानंतर अर्धा तास गप्पा चालल्या आणि निघताना तिने पुन्हा कधी भेटायचं ते विचारलं. तेही कागदावर हवं. हे सगळं दहा मिनिटांत आणि एकदाच. दुसऱ्या रात्री तोच कागद पुन्हा लिहायला घेतलास, तर ती उजळणीच झाली, फक्त पेन हातात घेऊन. ओळखायची खूण सोपी आहे: नवीन काहीच हाती लागत नसतं.

मग एकच प्रश्न: यावर मला काही करायचं आहे का? तुझ्या बाबतीत माझं मत "हो, थोडंसं" असं आहे. नोकरी तिने मर्जीने सोडली की नाइलाजाने, हे तुला माहीत नव्हतं. तेव्हा सकाळी एक निरोप पाठव: "काल मी 'मजाच आहे' म्हटलं, ते उगाच हलक्यात घेतल्यासारखं झालं. खरं कसं चाललंय तुझं?" बस. "रागावली नाहीस ना?" हे मात्र नको. त्यात तिची विचारपूस कमी आणि तुझी समजूत काढायचं काम तिच्यावर जास्त. शिवाय ती "नाही गं" म्हणाली की तासभर बरं वाटतं, मग "बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल" असं सुरू होतं. तिथे उपस्थित असलेल्या इतरांना "मी विचित्र बोलले का?" विचारणं हाही त्यातलाच प्रकार.

निरोप गेल्यावरही विचार येईल. त्याला दाबू नकोस. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं, आणि ते अस्वल त्यांच्या मनात येतच राहिलं. त्यापेक्षा विचाराला वेळ दे: उद्या संध्याकाळी साडेसहा, पंधरा मिनिटं, खुर्चीत बसून. अंथरुणात नाही. रात्री तो आला की "हो, साडेसहाला" म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. दहा वेळा आला तर दहा वेळा. साडेसहाला पुष्कळदा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. उरलंच तर पंधरा मिनिटांनी उठायचं.

एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं की अनोळखी माणसं गप्पा मारून उठतात तेव्हा समोरच्याला आपण जितके आवडलो त्यापेक्षा कमी आवडलो असं सरासरीने समजतात. ही सरासरी आहे, तुझ्या मैत्रिणीच्या मनातलं ती सांगणार नाही. पण रात्री दोनचा तुझा अंदाज कोणत्या बाजूला झुकलेला असण्याची शक्यता आहे, एवढं त्यातून कळतं.

पुढच्या भेटीला वाक्यं पाठ करून जाऊ नकोस, त्याने लक्ष पुन्हा स्वतःकडेच वळतं. आणि हे महिनोन्‌महिने चाललं, झोप जात राहिली, किंवा उजळणीच्या धास्तीने तू भेटीच टाळू लागलीस, तर कागद-पेन पुरणार नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती यासाठी चांगली उपयोगी पडते. तिने निरोपाला काय उत्तर दिलं, ते सवडीने कळव.