घोषणा उलटी फिरली, आता कॉपी कशी लिहायची?

प्रश्न: नवीन रिपोर्टर आहे. पत्रकार परिषदेत जे जाहीर झालं ते सरकारच्याच आधीच्या भूमिकेच्या उलट आहे. बातमीत हे कसं मांडू?

इंट्रोत आजची घोषणा, आणि ती कशाच्या उलट आहे ते लगेच दुसऱ्या पॅरात, तारखेसकट. खाली ढकललंत तर जागा कमी पडली की डेस्क तेच आधी कापणार.

पहिलीपासून हिंदीचंच प्रकरण घ्या. १६ एप्रिल २०२५ ला जीआर निघाला, मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य. २२ एप्रिलला शिक्षणमंत्री दादा भुसे म्हणाले की अनिवार्य हा शब्द स्थगित, सुधारित जीआर काढू. आता त्या दिवशी कुणी सरळ 'सक्ती रद्द' लिहिलं असेल तर घाईच झाली ना, कारण कागद काही बदललेला नव्हता, नवा जीआर थेट १७ जूनला आला आणि त्यातही हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा होतीच, हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात तशी मागणी करणारी किमान २० मुलं पाहिजेत अशी अट. म्हणजे तोंडी सांगितलेलं आणि जीआरमध्ये छापलेलं या दोन वेगळ्या गोष्टी, बातमीतही वेगळ्याच ठेवायच्या.

मग २९ जूनला, अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, मुख्यमंत्री फडणवीसांनी दोन्ही जीआर रद्द केल्याचं आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमल्याचं जाहीर केलं. मी असती तर दुसरा पॅरा असा लिहिला असता: "याच सरकारने १६ एप्रिलला हिंदी अनिवार्य करणारा आणि १७ जूनला त्यात बदल करणारा जीआर काढला होता." बस. माघार, यू-टर्न, नामुष्की हे शब्द विरोधकांच्या तोंडी द्या, नावानिशी. आपण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की वाचकाला कळतं.

सरकारची बाजूही घ्यायचीच. फडणवीस म्हणाले की पहिलीपासून हिंदी सुचवणारा माशेलकर समितीचा अहवाल उद्धव ठाकरेंच्या सरकारनेच स्वीकारला होता. हे त्यांचं म्हणणं म्हणून द्या, आणि अहवालात नक्की काय होतं ते स्वतः काढून बघा, नाहीतर मागच्या सरकारवर ढकललेलं तुमच्या नावावर सत्य म्हणून छापून येतं.

प्रश्न विचारताना "यू-टर्न का घेतला" नको, त्यावर भाषण मिळतं. जुना जीआर मोबाईलवर उघडा ठेवून विचारा की शाळा सुरू झाल्यात, १७ जूनच्या जीआरप्रमाणे ज्यांनी तयारी केली त्यांनी उद्या काय करायचं? उत्तर नाही मिळालं तर तेही एका ओळीत लिहा.

आणि क्रियापद जपून. २९ जूनला रविवार होता, म्हणून त्या दिवशीच्या कॉपीत 'रद्द करण्याची घोषणा' एवढंच, 'रद्द झाले' हे रद्द करणारा जीआर सरकारी साइटवर स्वतः पाहिल्यावर, त्याची तारीख आणि संकेतांक टिपून.