परदेशातील भावंडांना वाटणीपत्र कसे कळवावे?

*आमचे वाटणीपत्र 28 पानांचे आहे. दादा अमेरिकेत व ताई कॅनडात असते. आईवडील हयात नाहीत. सह्यांपूर्वी दोघांना व्हॉट्सअॅपवर थोडक्यात कळवायचे आहे. मसुदा व माझा कच्चा संदेश जोडला आहे. त्यात काय ठेवू, काय गाळू? – एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ*

मसुद्यातील वंशावळ व जुने फेरफार एका वाक्यात आटोपले तरी कोणाचे नुकसान नाही. जपायचे आहे ते शेवटचे परिशिष्ट, कारण कोणाच्या वाट्याला काय येते हे तेथेच कळते, आणि त्याआधीचे 14 वे कलम, जे आपण ‘ताईला पैसे देऊ’ एवढ्यावर उरकले आहे.

त्या कलमान्वये ताई शेतातील आपला हक्क कायमचा सोडते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित शेतात मुलीचा हक्क मुलाइतकाच असल्याने 4 हेक्टर 80 आरांपैकी तिचा हिस्सा 1 हेक्टर 60 आर, म्हणजे सुमारे चार एकर होतो. म्हणून संदेशात असे लिहावे: “ताई, शेतात तुझा तिसरा हिस्सा आहे. या वाटणीपत्राप्रमाणे तो तू सोडतेस. दादाला व मला प्रत्येकी 2 हेक्टर 40 आर मिळतात आणि आम्ही तुला 6 लाख रुपये दोन हप्त्यांत देणार. दुसरा हप्ता थकला तर काय, याबद्दल मसुद्यात काहीच लिहिलेले नाही.” शेवटचे वाक्य लिहिणे आपल्याला जड जाईल, तरी ते गाळू नये. खरे तर ती उणीव मसुद्यातच दुरुस्त करावी.

दादासाठी विहिरीची बाब तितकीच महत्त्वाची आहे. विहीर आपल्या तुकड्यात येते, मात्र त्यांना आठवड्यातून तीन दिवस पाणी आणि पूर्वेच्या धुऱ्यावरून बैलगाडीची वाट मिळते, हे स्पष्ट लिहावे. हंगामात भांडणे बहुधा पाणी आणि वाट यांवरूनच होतात.

एवढा काटेकोरपणा अशासाठी की, दिशाभूल करून संमती घेतली असे उद्या ताईने म्हटले, तर भारतीय करार कायद्याच्या आधारे ती वाटणीपत्र रद्द करण्याची मागणी करू शकेल आणि आपला संदेशच तिचा पुरावा ठरेल. म्हणून सोबत पूर्ण मसुदा पाठवावा व ‘हा सारांश केवळ समजण्यासाठी आहे, बंधनकारक वाटणीपत्रच राहील’ असे लिहावे. मात्र त्या ओळीने चुकीचा सारांश झाकला जाणार नाही.

व्हॉट्सअॅपवरील ‘ठीक आहे’ ही सही नव्हे. दोघांना येणे शक्य नसल्यास मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्यासमोर किंवा नोटरीसमोर करून पाठवावे आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथील मुद्रांक शुल्क भरावे. ताईचे मुखत्यार मात्र आपण होऊ नये. तिने सोडलेल्या हक्काचा लाभ आपल्यालाच होत असल्याने ती सही संशयास्पद ठरेल. या वाटणीत ज्याचा काही हिस्सा नाही, अशा व्यक्तीला तिने नेमावे.