सिनेमात न दिसणाऱ्या जाहिराती दाखवून कोला-पॉपकॉर्नचा खप वाढवला होता, हे खरं आहे का?

नाही. १९५७ साली जेम्स विकरी या अमेरिकन माणसाने तसा दावा केला: पडद्यावर सेकंदाच्या तीन हजाराव्या भागापुरते शब्द झळकवले आणि पॉपकॉर्नची विक्री ५७ टक्क्यांनी वाढली! पुरावा मात्र त्याने कधीच दिला नाही. १९६२ मध्ये, आपल्याकडची माहिती अगदीच तुटपुंजी होती, हे त्यानेच कबूल केलं. तरी गोष्ट अजून फिरतेच आहे.

मग छुप्या संदेशाचा परिणाम शून्य का? तसंही नाही. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी संगणकाच्या पडद्यावर लिप्टन आइस या पेयाचं नाव डोळ्यांना कळणारही नाही इतक्या कमी वेळासाठी दाखवलं. एका प्रयोगात काहींना आधी खारट गोळी चघळायला दिली होती. लगेच नंतर पेय निवडायला सांगितल्यावर तहानलेल्यांचा कल लिप्टनकडे झुकला; ज्यांना तहान नव्हती त्यांच्यावर काही फरक पडला नाही. म्हणजे तहान आधीपासूनच हवी, संदेशाने ती निर्माण होत नाही. पुढच्या प्रयोगांत तर असं दिसलं, की ज्यांचं नेहमीचं पेय पडद्यावर झळकवलेलंच असतं, त्यांच्यावर हा मारा वायाच जातो.

आणि हे सगळं प्रयोगशाळेत, नजर पडद्यावर खिळलेली असताना. थिएटरात कोण कुठे बघतंय, याचा नेम नाही.