थिसिसच्या रेंडरसाठी विभागप्रमुखांना अर्ज

प्रश्न: मी मुंबईत आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. थिसिसच्या रेंडरिंगसाठी लॅबमधलं वर्कस्टेशन कॉलेज सुटल्यानंतरही मिळावं म्हणून एचओडींना पत्र लिहायचंय. काय लिहू, म्हणजे परवानगी मिळेल?

उत्तर:

अर्जात मशीनचे तास मागा. स्वतःला रात्री लॅबमध्ये बसायची परवानगी मागू नका. माझा पहिला अर्ज नेमका इथेच अडला होता.

माझा थिसिस ससून डॉकवरच्या मासळी लिलावाच्या शेडचा होता. घरच्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाला ४ जीबी मेमरी, त्यामुळे झाडं, माणसं, टोपल्या असा सगळा सीन उघडला की रेंडर सुरू होण्याआधीच मेमरी संपल्याचा संदेश यायचा. लॅबमधल्या मशीनवर तोच सीन सहज चालत होता. पण लॅब संध्याकाळी सहाला बंद व्हायची आणि दिवसभर तिथे दुसऱ्या वर्षाचे तास असायचे. मी अर्ज केला: पंधरा दिवस, रात्री अकरापर्यंत, चार मशीन. एचओडी मॅडमनी तो वाचून एवढंच विचारलं, "रात्री अकरापर्यंत तू इथे बसून करणार काय?" मी म्हटलं, रेंडर होईपर्यंत थांबणार. "मग त्यासाठी तू कशाला हवीस?" असं म्हणून त्यांनी अर्ज परत दिला.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. विद्यार्थिनी रात्री इमारतीत थांबली की वॉचमन, लिफ्ट, पालकांचं पत्र, शेवटची लोकल, सगळ्याची जबाबदारी विभागावर येते. एक मशीन कुलूपबंद खोलीत चालू राहिलं तर यातलं काहीच येत नाही. रेंडर एकदा सुरू झाला की त्याला तुमची गरज नसते. सीन लावणं, कॅमेरा ठरवणं, मटेरियल तपासणं ही कामं दिवसा करता येतात.

दुसरी अडचण आकड्यांची होती. "पंधरा दिवस" कुठून आले, हे मलाच सांगता येत नव्हतं. म्हणून अर्ज लिहायच्या आधी अर्धा दिवस काढून टेस्ट रेंडर करा. माझा हिशोब सांगते.

आधी चित्राचा आकार ठरवा. माझे मुख्य व्ह्यू ए-१ शीटवर अर्धी जागा घेणार होते, म्हणजे ए-२ एवढे. ज्युरी शीट हातात धरून पाहत नाहीत, साधारण मीटरभरावरून पाहतात. त्या अंतरावरून रेंडरला १५० डीपीआय पुरतं. त्या हिशोबाने चित्र ३५०८ बाय २४८० पिक्सेलचं झालं. सवयीने ३०० डीपीआय धरलं असतं तर दोन्ही बाजू दुप्पट, म्हणजे पिक्सेल चौपट आणि वेळही जवळपास चौपट. मी आधी तेच धरून बसले होते. (ड्रॉइंगच्या बारीक रेषा आणि अक्षरांचं गणित वेगळं असतं. ती पीडीएफमध्ये व्हेक्टर म्हणून जातात, त्यांना हा नियम लावू नका.)

आता तोच व्ह्यू दोन्ही बाजूंनी पाव आकारात, ८७७ बाय ६२० वर रेंडर करा. क्वालिटीचं सेटिंग फायनलचंच ठेवा. पिक्सेल सोळावा हिस्सा होतात, म्हणून लागलेल्या वेळेला सोळाने गुणायचं. उत्तर थोडं जास्तच येतं, कारण सीन लोड व्हायचा वेळ आकारानुसार वाढत नाही आणि तोही आपण सोळाने गुणतो. अर्जात थोडं जास्त मागितलेलं चालतं, कमी मागून पुन्हा दारात उभं राहणं वाईट.

टेस्टसाठी सगळ्यात अवघड व्ह्यू निवडा. माझ्याकडे तो लिलावाच्या हॉलच्या आतला होता. तिथे उजेड फक्त जाळीच्या भोकांतून येतो. सॉफ्टवेअर सोडत असलेल्या बहुतेक किरणांना ती भोकं सापडतच नाहीत, त्यामुळे कोपऱ्यांत वाळूसारखे दाणे राहतात आणि ते जाईपर्यंत गणित चालूच राहतं. बाहेरून उन्हात दिसणाऱ्या शेडला टेस्टमध्ये ३ मिनिटं लागली, आतल्या हॉलला ७. म्हणजे बाहेरचे चार व्ह्यू प्रत्येकी ४८ मिनिटं, आतले दोन प्रत्येकी ११२ मिनिटं. एकूण ४१६ मिनिटं, सात तासांच्या आत. चार मशीन आणि पंधरा दिवसांची मागणी एका मशीनच्या एका रात्रीवर आली! पहिल्या फेरीत चुका निघतातच, त्यांच्या दुरुस्तीसाठी दुसरी रात्र, आणि काही बिघडलं तर तिसरी. मध्ये एकेक दिवस सोडून मागितल्या, म्हणजे चित्र पाहून सीन सुधारायला वेळ मिळतो.

दुसरा अर्ज असा होता. तुमच्याकडे इंग्रजीत द्यायचा असेल तर मुद्दे याच क्रमाने घ्या.

प्रति,
विभागप्रमुख, वास्तुकला विभाग

विषय: थिसिस रेंडरिंगसाठी एक वर्कस्टेशन तीन रात्री चालू ठेवण्याबाबत

महोदया,

मी अंतिम वर्षाची विद्यार्थिनी असून माझी थिसिस ज्युरी २५ मे रोजी आहे. शीटसाठी सहा रेंडर व्ह्यू करायचे आहेत. माझ्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाची मेमरी ४ जीबी असल्याने हा सीन त्यावर रेंडर होत नाही. लॅबमधील मशीन क्रमांक ७ वर तो होतो, हे मी तपासले आहे.

टेस्ट रेंडरनुसार सहा व्ह्यूंना मिळून सुमारे ७ तास लागतील. लॅबच्या वेळेत सलग ७ तास मशीन अडवल्यास इतर वर्गांची गैरसोय होईल. म्हणून १२, १४ आणि १६ मे या तीन रात्री मशीन क्रमांक ७ चालू ठेवण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. तिसरी रात्र राखीव असून गरज न पडल्यास मी तसे कळवेन.

मी स्वतः रात्री थांबणार नाही. लॅब बंद होण्यापूर्वी रेंडर सुरू करून निघेन. मशीन पहाटे आपोआप बंद होईल. सकाळी लॅब उघडल्यावर, पहिल्या तासाआधी, फाइल काढून घेऊन मशीन रिकामे करीन. लॅब असिस्टंट व माझ्या मार्गदर्शकांशी बोलणे झाले असून त्यांच्या सह्या खाली आहेत. टेस्ट रेंडर व वेळेचा हिशोब सोबत जोडला आहे.

आपली विश्वासू,

यात सगळ्यात महत्त्वाची लॅब असिस्टंटची सही. एचओडी परवानगी देतात, पण मशीन रात्रभर चालू राहणं त्याच माणसाच्या हातात असतं. आमच्या सरांना मी अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी भेटले. मेन स्विच रात्री कोण बंद करतं, एसीशिवाय मशीन किती तापतं, हे त्यांनाच माहीत होतं. त्यांनी मला दाराजवळच्या मशीनऐवजी खिडकीजवळचं ७ नंबरचं दिलं, कारण त्याचा स्विच वेगळ्या बोर्डावर होता.

तरीही पहिली रात्र फुकट गेली. सकाळी आठला पोचले तर स्क्रीनवर लॉगिन. मध्यरात्री अपडेट येऊन मशीन रीस्टार्ट झालं होतं. त्यात मी चित्रं डेस्कटॉपवर सेव्ह व्हायला लावली होती आणि आमच्या लॅबची मशीन प्रत्येक रीस्टार्टला सी ड्राइव्ह मूळ स्थितीला नेत. सहापैकी चार चित्रं तयार झाली असतील, पण हाती एकही लागलं नाही. राखीव रात्र मागितली होती म्हणून निभावलं.

त्यानंतर मी दर वेळी हे केलं: चित्रं डी ड्राइव्हवर, प्रत्येक व्ह्यू संपला की फाइल आपोआप सेव्ह, विंडोजचे अपडेट आठवडाभर थांबवलेले, आणि निघताना या दोन आज्ञा. पहिली मशीनला झोपू देत नाही, दुसरी दहा तासांनी बंद करते. अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागला तर लॅब असिस्टंटना बोलवा.

```
powercfg /change standby-timeout-ac 0
shutdown /s /t 36000
```

दुसरी आज्ञा वेळ झाली की उघडी सॉफ्टवेअर सक्तीने बंद करते, "सेव्ह करू का" असं विचारत नाही. आपोआप सेव्ह लावलेलं नसेल तर रात्रभराचं काम तिथेच जाईल. निघायच्या आधी बेत बदलला, तर `shutdown /a` दिल्यावर बंद होणं रद्द होतं.

घरून फाइल नेताना टेक्श्चर सोबत बांधून न्या. व्ही-रेमध्ये त्यासाठी Pack Project आहे, ब्लेंडरमध्ये Pack Resources. नाहीतर लॅबच्या मशीनला तुमच्या लॅपटॉपवरचा फोल्डर सापडत नाही. रेंडर पूर्ण होतो, पण कोब्याची जमीन सपाट रंगाची येते आणि ते तुम्हाला सकाळी कळतं. म्हणून निघायच्या आधी त्याच मशीनवर प्रत्येक व्ह्यूचा एक छोटा रेंडर काढून डोळ्यांनी पाहा.

तुम्ही लुमियन किंवा एन्स्केप वापरत असाल तर हा अर्ज जसाच्या तसा चालणार नाही. त्यांत एक चित्र बहुधा काही मिनिटांत निघतं, त्यासाठी रात्र मागितली तर एचओडींना ते पटणार नाही. त्यांच्याकडून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतला तास मागा. वॉकथ्रू करत असाल तर मात्र रात्र लागू शकते, आणि तिथे हिशोब फ्रेमचा: एका मिनिटाच्या व्हिडिओला २५ फ्रेमच्या गतीने १५०० फ्रेम. व्ही-रेसारख्यात फ्रेमला २ मिनिटं धरली तरी ५० तास होतात. हा आकडा पाहून मी वॉकथ्रू सोडून दिला आणि त्या जागी हॉलचा एक मोठा सेक्शन काढला.

अर्ज देताना टेस्ट रेंडरची रंगीत प्रिंट वरच्या बाजूला लावा. मॅडमनी दुसऱ्या वेळी आधी तीच हातात घेतली, जाळीतून जमिनीवर पडलेल्या उजेडाकडे बोट दाखवून "हे सकाळचं ऊन ना? लिलाव त्याच वेळी असतो," असं विचारलं, आणि सही करता करता तारखा पाहिल्या.